डेमोमध्ये त्याने नेमका चुकीचा स्विच बंद केला

चार सिस्को स्विच केबलने जोडून एक केलेला स्टॅक घेताना आम्हाला एकच वाक्य विकलं गेलं होतं: “साहेब, चारातला कुठलाही एक मेला तरी बाकीचे तीन चालूच राहणार.” वाक्य खोटं नव्हतं. ते खरं ठरण्यासाठी जे लागतं, ते मात्र व्हेंडरने लावलंच नव्हतं, आणि आम्हाला ते कळलं सात महिन्यांनी.

आमच्या आधीच्या जोडणीत चार स्विच वेगवेगळे होते. चार आयपी, चार कॉन्फिगरेशन. नवीन व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं ठेवलेलं नेटवर्क, टाकायचा तर चार वेळा लॉगिन. स्टॅकमध्ये चौघांचा मिळून एकच स्विच दिसतो. आयपी एक, कॉन्फिगरेशन एक, पोर्ट फक्त `1/0/5`, `3/0/5` असे ओळखायचे. शिवाय व्हीलॅनचे गेटवेही त्याच स्टॅकवर ठेवता येतात. याचा मोह मला झाला, हे कबूल करतो.

हा एकच मेंदू चौघांपैकी एकात असतो, तो मास्टर. मास्टर गेला की उरलेल्यांतून नवा निवडला जातो, आणि चालू कॉन्फिगरेशनची प्रत प्रत्येकाकडे असल्यामुळे थोड्या व्यत्ययानंतर गाडी पुढे सरकते. अट एवढीच, की मास्टर गेल्यावरही उरलेले एकमेकांना जोडलेले असायला हवेत. म्हणून स्टॅकच्या केबलचं वर्तुळ करतात: 1 ते 2, 2 ते 3, 3 ते 4 आणि 4 परत 1 ला. चार स्विचना चार केबल. आमच्याकडे तीन होत्या. बिलात चार.

स्वीकृतीच्या दिवशी व्हेंडरच्या माणसाने आम्हाला रॅकसमोर उभं केलं, एका लॅपटॉपवर सतत पिंग लावला आणि क्रमांक 4 ची पॉवर केबल ओढली. पिंग हलला नाही. आम्ही खूश, सही केली. चौथा स्विच साखळीच्या टोकाला होता, मास्टर नव्हता, आणि बाकीच्या नेटवर्ककडे जाणारी अपलिंकही त्यावर नव्हती. तो गेल्याने कुणाला काही होण्याचं कारणच नव्हतं. त्याच वेळी क्रमांक 2 ची केबल ओढली असती, तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं. कारण मास्टर 2 होता, तो साखळीच्या मधोमध होता, आणि वरच्या स्विचकडे जाणाऱ्या दोन्ही अपलिंकही त्याच्यावरच होत्या. “दोन लिंकचं पोर्ट-चॅनल दिलंय” असं कागदावर होतं; दोन्ही लिंक एकाच डब्यात आहेत, हे नव्हतं.

2 मास्टर कसा झाला, तेही सांगतो. कुणी तो निवडलाच नव्हता. प्रायॉरिटी सगळ्यांची मूळची, म्हणजे 1. बाकी सगळं सारखं असेल तर ज्याचा मॅक पत्ता सर्वांत लहान, तो मास्टर होतो. म्हणजे सोडतच म्हणायची.

मग एका सकाळी 2 चा पॉवर सप्लाय गेला. त्याचे 48 पोर्ट बंद पडले, ते अपेक्षितच. पण अपलिंकही गेल्या, आणि स्टॅकचे दोन तुकडे झाले: एकटा 1 एकीकडे, 3 आणि 4 दुसरीकडे. दोन्ही तुकड्यांनी आपापला मास्टर निवडला. दोघांकडे तेच कॉन्फिगरेशन, तेच गेटवे, तोच मॅनेजमेंट आयपी. एका स्टॅकचे दोन तोतये.

मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मी घाईत एक अपलिंक 1 मध्ये आणि एक 3 मध्ये खोचली, वरच्या स्विचच्या मोकळ्या पोर्टांवर साधे ट्रंक केले आणि सुटलो असं समजलो. ही चूक माझी. तोपर्यंत दोन्ही तुकडे निदान एकमेकांपासून दूर होते. मी त्यांना एकाच नेटवर्कवर समोरासमोर आणलं. काही मिनिटांत लॉगमध्ये `%IP-4-DUPADDR` च्या ओळी सुरू झाल्या. लोकांचं नेट मधेच चालायचं, मधेच तुटायचं. खरा उलगडा झाला तो एसएसएच करताना. एकदा लॉगिन केल्यावर `show switch` मध्ये फक्त 1 जिवंत आणि बाकीचे `Removed`. परत लॉगिन केल्यावर त्याच आयपीवर 3 आणि 4 जिवंत, 1 गायब. हे लक्षण दिसलं तर स्टॅक फुटलाय, दुसरं काही शोधत बसू नका. एका तुकड्याची अपलिंक आधी काढा.

दुपारी व्हेंडरचा माणूस आला, त्याने 1 आणि 3 मध्ये केबल लावली. दोन्ही तुकडे चालू असतानाच! असे दोन चालू स्टॅक जोडले की त्यांच्यात पुन्हा निवडणूक होते आणि हरलेल्या बाजूचे सगळे स्विच रीस्टार्ट होतात. 3 आणि 4 आमच्या डोळ्यांदेखत बंद होऊन परत उठले. सकाळपासून जे थोडंफार चालू होतं, तेही गेलं. एक बाजू बंद करून मग केबल लावायची असते, हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही.

नवा 2 आल्यावर आधीसारखंच जोडून दिलं, तेव्हा मी हा कमांड चालवला. स्वीकृतीच्या दिवशीच चालवायला हवा होता:

```
Switch# show switch stack-ring speed
Stack Ring Speed        : 16G
Stack Ring Configuration: Half
Stack Ring Protocol     : StackWise
```

`Half` म्हणजे वर्तुळ अपुरं. पूर्ण असतं तर `Full` आणि दुप्पट वेग दिसला असता. एका ओळीत अख्खी फसवणूक. व्हेंडरला दाखवलं तर उत्तर मिळालं, “स्टॅक चालू तर होता ना? स्वीकृतीवर सही तुमचीच आहे.”

तुम्ही स्टॅक घेत असाल तर सहीच्या आधी `show switch` मध्ये ज्याच्यापुढे `Master`, किंवा नव्या स्टॅकमध्ये `Active`, लिहिलंय, त्याचीच पॉवर स्वतःच्या हाताने काढा, आणि पिंगचा लॅपटॉप दुसऱ्या स्विचवर ठेवा. काही सेकंदांचा खंड पडेल, तो चालतो. मग प्रत्येक स्टॅक केबल एकेक करून काढून परत लावा. अपलिंक दोन वेगळ्या स्विचवर आहेत का, ते बोट ठेवून मोजा. मास्टर कोण असावा हे तुम्ही ठरवा. `switch 1 priority 15` दिल्यावर लगेच बदल होत नाही, पुढच्या निवडणुकीतच तो लागू होतो, म्हणून अनेकांना वाटतं की कमांड चाललाच नाही. काही नव्या स्टॅकमध्ये मास्टरच्या जोडीला एक स्टँडबाय तयार असतो, पण तोडलेली साखळी त्यालाही जोडता येत नाही.

आम्ही शेवटी स्टॅक मोडला. चार स्विच पुन्हा वेगवेगळे, प्रत्येकाला स्वतःच्या दोन अपलिंक, गेटवे वरच्या दोन स्विचच्या जोडीवर नेले. दोन वेगळ्या स्विचकडे गेलेल्या त्या दोन लिंकपैकी एक लूप टाळण्यासाठी स्पॅनिंग ट्री रोखून धरतो, म्हणजे निम्मी क्षमता नुसती पडून. व्हीलॅन टाकायला चार वेळा लॉगिन करावं लागतं. मध्यंतरी 3 बंद पडला, तेव्हा त्याचेच 48 पोर्ट गेले.

तीन स्टॅक केबल खणात पडून आहेत. चौथीचे पैसे अजून परत आलेले नाहीत.