पाणी शुद्धीकरणाच्या स्लाइड्स: आठ महिने शिकवून झाल्यावरचा अनुभव

डिप्लोमा सिव्हिलच्या पोरांची शिकवणी घेतो मी, कोल्हापुरात, घराच्या वरच्या खोलीत. एन्व्हायर्नमेंटलचा हा स्लाइड्सचा संच एका सीनियरकडनं मिळाला, जाळीपासून क्लोरीनपर्यंत चौसष्ट स्लाइड्स, आणि जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत तीन बॅचना तोच वापरलाय. जाळीचा भाग चांगलाय, फोटो स्वच्छ आहेत, त्यावर जास्त बोलायला काही नाही. खरी गडबड गाळ बसण्याच्या स्लाइड्सवर आहे आणि तिथंच माझे सगळ्यात जास्त तास गेलेत.

त्यात एक ॲनिमेशन आहे. तपकिरी ठिपके टाकीत शिरतात, टुणकन तळाला जातात, पाणी निळं होतं. पोरं खूश. पहिल्या बॅचला मीपण तसंच दाखवून पुढं गेलो, मग एकानं विचारलं, सर मग पावसाळ्यात पंचगंगेचं लाल पाणी बादलीत रात्रभर ठेवलं तरी सकाळी तसंच गढूळ कसं? बरोबर पकडलं गड्यानं. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण तीन मीटर खाली यायला पाच-सहा मिनिटं घेतो, पण १ मायक्रॉनचा मातीचा कण स्टोक्सच्या सूत्रानं तासाला तीन-साडेतीन मिलिमीटर उतरतो, म्हणजे त्याच टाकीत त्याला महिन्याच्या वर लागेल, तेपण पाणी अजिबात हललं नाही तर. ॲनिमेशनमधे दोघं एकाच स्पीडनं पडतात.

दुसरी चूक जास्त वाईट कारण ती खरी वाटते. स्लाइड म्हणते टाकी खोल केली की पाणी जास्त वेळ थांबतं, म्हणून गाळ जास्त बसतो. मग मी फळ्यावर हिशोब मांडायला लागलो. दिवसाला १ कोटी लिटर, म्हणजे १०,००० घनमीटर पाणी, आणि २० मीटर व्यासाची गोल टाकी. क्षेत्रफळ ३१४ चौरस मीटर. भागाकार केला की दिवसाला साधारण ३२ मीटर येतात, म्हणजे मिनिटाला सव्वादोन सेंटिमीटर. याला ओव्हरफ्लो रेट म्हणायचं. जो कण यापेक्षा जोरात खाली पडतो तो सगळा सापडतो, हळू पडणाऱ्यातले काही पाण्याबरोबर पुढं जातात. खोली ३ मीटर असेल तर पाणी सव्वादोन तास थांबतं, ६ मीटर केली तर साडेचार तास, पण कणाला पडायचं अंतरपण दुप्पट झालं की, मग फायदा काय? भागाकारात खोली कुठं आलीच नाही. (फ्लॉक, म्हणजे कण चिकटून झालेले पुंजके, असले तर खोलीचा थोडा फायदा होतो, कारण पडता पडता ते एकमेकांना चिकटून मोठे होतात, पण ते दुसऱ्या तासाला सांगतो नाहीतर पोरं गोंधळतात.)

आणि तुरटीला या संचात फक्त एक ओळ! बारीक कण बसत नाहीत म्हटल्यावर त्यांना एकत्र आणणारी तीच, तिला पानभर तरी जागा द्यायची ना. म्हणून आता मी नदीचं पाणी कॅनमधनं आणतो. १० ग्रॅम तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवली की त्यातला १ मिली म्हणजे १० मिलिग्रॅम. एकेक लिटरच्या चार बरण्या, त्यात ०, २, ४ आणि ८ मिली, पहिलं एक मिनिट जोरात ढवळायचं, मग वीस मिनिटं अगदी हळू, मग अर्धा तास हात लावायचा नाही. ऑगस्टमधल्या पाण्याला ४ मिलीच्या बरणीत कापसासारखे पुंजके झाले आणि पलीकडचा पेपर वाचता आला, ८ मिलीला परत धुरकट, म्हणजे जास्त घातली म्हणून जास्त चांगलं असं नसतं. एका पोरानं उत्साहात वीस मिनिटं जोरातच ढवळलं, सगळे पुंजके फुटून बारीक झाले आणि त्याची बरणी बसलीच नाही. तो सगळ्यांना कायमचा पाठ झाला, मला वेगळं सांगावं लागलं नाही. ऑक्टोबरला पाणी निवळल्यावर तोच डोस चालला नाही, ही टेस्ट परत परत का करायची तेपण तिथंच कळलं.

फिल्टरच्या स्लाइड्स ठीक आहेत, बॅकवॉशचं, म्हणजे उलटं पाणी सोडून वाळू धुण्याचं, चित्र तर मस्त. फक्त वाळू म्हणजे चाळणी असं लिहिलंय ते मी खोडून टाकलं, वाळूच्या दोन दाण्यांमधली फट मातीच्या कणापेक्षा कितीतरी मोठी असते, कण दाण्याला चिकटून अडकतो, आणि तुरटी नीट बसली नसेल तर तो चिकटतच नाही, फिल्टरमधनं गढूळ पाणी आलं की मागं तुरटीकडं बघायचं.

क्लोरीनच्या स्लाइडवर अर्धा तास संपर्क आणि शेवटी लिटरला ०.२ मिलिग्रॅम शिल्लक, हे आकडे बरोबर आहेत. पण गढूळ पाण्यात जंतू मातीच्या आड लपतात आणि क्लोरीन पोचत नाही हे कुठंच नाही, तेवढी ओळ मीच टाकली.

पाचपैकी तीन. ॲनिमेशनवाली स्लाइड लपवून ठेवलीय, तिच्या जागी चार बरण्यांचा फोटो टाकलाय.