बालनाट्याच्या नेपथ्यासाठी एआय प्रॉम्प्ट: सगळं एकात की तीन वेगळे?

स्नेहसंमेलनातल्या नाटकाचं नेपथ्य एआयकडून चित्रात काढून घ्यायचं असेल, तर प्रॉम्प्ट दोन पद्धतींनी लिहिता येतो. एक म्हणजे पडदा, प्रॉपर्टी आणि प्रकाश एकत्र सांगून अख्ख्या रंगमंचाचं चित्र मागायचं. दुसरी म्हणजे तिन्हींसाठी वेगळे प्रॉम्प्ट द्यायचे. उदाहरणाला भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट घेऊ. म्हातारी लेकीकडे दिवसा निघते, परत येते ती रात्री, आणि जंगल दोन्ही वेळा तेच. मागचा पडदा 20 फूट रुंद, 10 फूट उंच.

एकत्रित प्रॉम्प्ट साधारण असा होतो:

```
शाळेच्या रंगमंचावर रात्रीचं जंगल, मध्ये मोठा भोपळा,
बाजूला वाघ, निळा प्रकाश, प्रेक्षकांतून दिसणारं दृश्य
```

चित्र झटकन येतं आणि देखणं असतं. मुख्याध्यापकांना किंवा पालकांना कल्पना समजावून द्यायला एवढं पुरतं. अडचण येते ती रंगवायला घेतल्यावर, कारण चांदणं पडद्यातच मिसळलेलं असतं. झाडांच्या एका कडेला निळसर चकाकी, जमिनीवर लांब सावल्या. पेंटरने ते जसंच्या तसं उतरवलं, की दिवसाच्या प्रवेशात पिवळे दिवे लावूनही मागे रात्रच दिसते. मग दुसरा पडदा आला, कापडाचा खर्च दुप्पट आणि प्रवेशांमध्ये पडदे बदलायची धावपळ. शिवाय अशा चित्रात मुलांचे चेहरे उजळलेले दिसतात, पण तो उजेड टाकणारा दिवा कुठेच नसतो. चित्र पाहून फक्त निळे साइड लाइट लावले, तर प्रयोगात चेहरे काळे पडतात.

म्हणून एकाच पडद्यावर दिवस आणि रात्र दोन्ही दाखवायचे असतील, तर पडद्याचं चित्र प्रकाशाशिवाय मागावं:

```
नाटकाचा रंगवलेला पडदा, समोरून सपाट, रुंदी उंचीच्या दुप्पट.
जंगलातली पाच-सहा मोठी झाडं, मध्ये रिकामी पायवाट.
ढगाळ दुपारसारखा सगळीकडे सारखा उजेड,
आकाश एकाच फिक्या रंगाचं, मोजके सपाट रंग
```

यात ‘चंद्र नको, सावली नको’ असं मुद्दामच लिहिलेलं नाही. चित्र काढणारी बरीच साधनं नकार नीट पाळत नाहीत. नको म्हटलेला चंद्र पुष्कळदा उगवतोच. जे हवं तेच लिहिलेलं बरं. आलेलं चित्र आडव्या ए-4 कागदावर 28 बाय 14 सेंटिमीटरमध्ये छापून 1.4 सेंटिमीटरचे चौकोन आखले, की एक चौकोन म्हणजे पडद्यावरचा एक फूट. कापडावर तशाच रेघा मारून मुलांनाही चित्र उतरवता येतं.

प्रॉपर्टीच्या प्रॉम्प्टमध्ये फूट-इंच लिहून फारसा उपयोग होत नाही, ती मापं चित्रात क्वचितच जमतात. त्यापेक्षा शेजारी माणूस उभा करावा: ‘बारा वर्षांच्या मुलीच्या छातीपर्यंत येणारा भोपळा, समोरून, बाजूने आणि मागून, पांढऱ्या पार्श्वभूमीवर’. मागची बाजू आवर्जून मागावी. मुलगी आत कुठून शिरणार हे तिथेच ठरतं.

प्रकाशाचं चित्र मागूच नये, तक्ता मागावा. क्यू म्हणजे ठरलेल्या वाक्याला प्रकाशात होणारा बदल. चित्रात दिसते फक्त बदलानंतरची स्थिती. प्रॉम्प्टमध्ये प्रवेशांचा क्रम, क्यूची वाक्यं आणि हातातले दिवे लिहून द्यावेत, समजा समोरून चार आणि बाजूने दोन पार दिवे, म्हणजे चार फ्रंट आणि दोन साइड, सगळे डिमरवर. दिवे सांगितले नाहीत, तर तक्त्यात शाळेकडे नसलेले दिवे येतात. रात्रीच्या क्यूची ओळ अशी हवी: ‘क्यू 4. म्हातारी “चल रे भोपळ्या” म्हणते. 6 सेकंदांत साइड निळे 80 टक्के, फ्रंट अंबर 30 टक्क्यांवर.’ हे आकडे सुरुवातीला धरायचे. चेहरे दिसतात का, ते शेवटच्या रांगेतून पाहून फ्रंट वाढवायचा.

नाटक एकाच ठिकाणी, एकाच वेळी घडत असेल तर तीन प्रॉम्प्टचा खटाटोप करू नये. एकत्रित चित्र पेंटरला दिलं तरी चालतं, कारण रंगवलेला उजेड बदलावा लागत नाही. प्रवेशागणिक वेळ बदलत असेल, तर मात्र वेगळेच लिहावेत.

एक गोष्ट दोन्ही पद्धतींत चित्र पाहून कळत नाही. भोपळ्याचा नारिंगी रंग निळ्या प्रकाशात काळपट, मातकट होतो. एआय मात्र निळ्या रात्रीतही त्याला बहुतेकदा झगझगीत नारिंगी दाखवतं. रंग विकत घ्यायच्या आधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तो लावून निळा जिलेटिन कागद लावलेल्या दिव्याखाली धरावा. काळवंडला, तर रंग फिका पिवळसर घ्यावा किंवा एक अंबर दिवा फक्त भोपळ्यावर ठेवावा आणि तो क्यू 4 मध्ये लिहून टाकावा.