कागद चिकटला, धूर मात्र घरातच राहिला

मागच्या दसऱ्याला आमच्या स्वयंपाकघरातला नऊ इंची एक्झॉस्ट फॅन काढून चिमणी बसवली. मी दिवाळीत चकली, शेव, कडबोळ्यांच्या ऑर्डरी घेते. रोज पाच-सहा तास कढई तापलेली असते. फॅन धूर बाहेर टाकायचा, पण तो आधी खोलीभर पसरायचा आणि डब्यांवर तेलाचा चिकट थर बसायचा. म्हणून चिमणी हवी होती.

दुकानदार म्हणाला, "ताई, भिंत फोडायला नको, पाइप नको. बाराशेचं सक्शन आहे." त्याने हिशेबही मांडला: खोली 10 बाय 8 फूट, उंची 9, म्हणजे साधारण 20 घनमीटर हवा. तासाला 1200 घनमीटर ओढणारी चिमणी ती 60 वेळा बदलणार. मग चालू चिमणीच्या जाळीला कागद लावला, तो चटकन चिकटला. मी 14,500 रुपये मोजले. फॅनचं भोक त्याच्याच माणसाने प्लायने बुजवलं.

पहिल्या घाण्यालाच डोळे चुरचुरले. तासाभरात खोली फॅनच्या दिवसांपेक्षा जास्त कोंदली.

कागद चिकटतो तो हवा ओढली जाते म्हणून. ती पुढे कुठे जाते, हे कागदावरून कळत नाही. बिनपाइपची चिमणी तीच हवा कोळशाच्या फिल्टरमधून गाळून पुन्हा खोलीत सोडते. कोळसा थोडाफार वास शोषतो. उष्णता आणि वाफ तशीच परत येते. कोळशावर तेल चढलं की तो वासही धरत नाही. माझा फिल्टर तीन आठवड्यांत निकामी झाला. तक्रार केली तर उत्तर आलं, "नवा घाला, 1,800 रुपये." ही गोष्ट त्याला विकतानाच माहीत होती, याचाच मला संताप येतो. आणि ते 1200 सुद्धा पाइप न जोडता मोजलेलं असतं. लांब पाइप, वळणं, अरुंद तोंड आलं की प्रत्यक्षातला ओढा बराच घटतो.

खालची जाळी ॲल्युमिनियमच्या बारीक थरांची होती. तळणाच्या तेलाने ती आठवड्यातच बुजली. सततच्या तळणाला बॅफल फिल्टर बरा: वाकवलेल्या स्टीलच्या पट्ट्यांमधून हवा वळते, जड तेल पट्टीवर आपटून खाली निथळतं आणि तो धुवायलाही सोपा.

पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी दुसऱ्या माणसाकडून बॅफलवाली चिमणी घेतली. प्लाय काढून फॅनच्याच भोकातून सहा इंची पाइप एका वळणाने बाहेर काढला. पाइप काढणं शक्य नसतं, तर मी फॅनच परत लावला असता.

चकल्यांचा घाणा चढवून मी गॅलरीत गेले आणि पाइपच्या तोंडाशी हात धरला. गरम, तेलकट वारा हाताला लागला.