चिठ्ठी की फॉर्म : उद्या कोणाला पुन्हा शिकवायचं?

मुलांना काय समजलं ते पाहायला तास संपताना घ्यायचं एक-दोन प्रश्नांचं एक्झिट तिकीट कागदाच्या चिठ्ठीवर घ्यावं की गूगल फॉर्मवर, असं शिक्षकांच्या खोलीत अधूनमधून कोणीतरी विचारतं. सहावीच्या गणिताला मी पहिलं सत्र फॉर्म वापरला, दुसरं सत्र चिठ्ठी. आमच्या संगणक कक्षात टॅब आहेत, म्हणून हा प्रश्न पडला तरी. टॅब नसतील आणि फॉर्म पालकांच्या ग्रुपवर संध्याकाळी पाठवणार असाल, तर मात्र उत्तरं ताईदादांची येतात, एवढंच सांगतो.

माझं पहिलं तिकीट असं होतं : ०.६, ०.४५, ०.३७५ यांत सर्वांत मोठी संख्या कोणती? बरीच मुलं ०.६ म्हणाली आणि मी खूश होऊन पुढे गेलो. आठवड्याने घटक चाचणीत त्यांतल्याच काहींनी ०.३७ पेक्षा ०.२ मोठा ठरवला. दोष माझ्या आकड्यांचा होता. ‘जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी’ असं मानणारं मूल त्या प्रश्नात अडकतं. पण ‘अंक कमी म्हणजे संख्या मोठी’ असं मानणारं मूल अलगद सुटतं, कारण बरोबर उत्तरच सर्वांत आखूड होतं.

तेव्हापासून दोन प्रश्न देतो. एक, ०.६ आणि ०.४५ यांत मोठी संख्या कोणती. दोन, ०.३७ आणि ०.२ यांत मोठी कोणती. पहिल्या समजुतीचं मूल पहिला चुकवतं आणि दुसरा बरोबर सोडवतं. दुसऱ्या समजुतीचं बरोबर उलटं. इथपर्यंत चिठ्ठी आणि फॉर्म यांत काहीच डावंउजवं नाही.

फॉर्मच्या बाजूने बोलायचं तर तपासणी आपोआप होते, नावांची यादी तयार मिळते, आणि तीन तुकड्या असतील तर तो वाचवतो तो वेळ खराच मोठा आहे. पण मला नडली ती गुणांची ओळ. एके दिवशी फॉर्म घेतला तेव्हा वर्गात ३९ मुलं होती. २४ जणांना २ पैकी २, दोघांना शून्य, आणि १३ जणांना १. त्या १३ जणांमध्ये ९ मुलं एका समजुतीची होती आणि ४ दुसरीची, पण समोर दिसतो तो सगळ्यांपुढे एकच ‘१’. प्रश्नवार आलेखात पहिला प्रश्न २८ जणांचा बरोबर, दुसरा ३३ जणांचा. कोणाचा कोणता, ते तिथे नाही. शीट उघडून दोन स्तंभांवर फिल्टर लावला की वेगळे काढता येतात, हे मान्य. मी दोनदा लावला. तिसऱ्यांदा पुढच्या तासाची घंटा झाली आणि सरळ १३ जणांना एकच धडा पुन्हा शिकवला. त्या चौघांना तो नको होता.

चिठ्ठीचं तसं होत नाही. पाठकोऱ्या कागदाचे चार तुकडे, त्यावर नाव, दोन उत्तरं आणि प्रत्येकाखाली ‘का?’ची एक ओळ. गोळा केल्यावर टेबलावर चार ढीग करतो : दोन्ही बरोबर, पहिला चूक, दुसरा चूक, दोन्ही चूक. माझा अंदाज, पाचेक मिनिटं लागतात. घड्याळ लावून कधी पाहिलं नाही. दोनच पर्याय असल्यामुळे नुसत्या अंदाजानेही चारांतलं एक मूल दोन्ही बरोबर सोडवू शकतं, म्हणून ‘का?’ची ओळ नसेल तर चिठ्ठीलाही फारसा अर्थ नाही. (फॉर्मवरही ती ओळ मागता येते, पण सहावीतलं मूल टॅबवर मराठी टाइप करताना ‘कारण मोठा आहे’ यापुढे जात नाही.)

एकदा ‘दुसरा चूक’ ढिगातल्या एकाने लिहिलं होतं, ‘दशांश शतांशापेक्षा मोठा असतो.’ वाक्य खरं आहे! शतांश किती घेतले, एवढंच तो विसरला. दुसऱ्या दिवशी त्या ढिगातल्या मुलांना संख्यारेषेवर ०.२ आणि ०.३ मांडायला लावले, मग ०.३७ कुठे बसतो ते विचारलं. ‘पहिला चूक’वाल्यांना शंभर चौकटींचा कागद दिला : ०.६ साठी सहा पूर्ण उभ्या ओळी, ०.४५ साठी चार ओळी आणि वर पाच घरं. रुपये-पैशांचं उदाहरण मी टाळलं, कारण ०.६ रुपये म्हणजे सहा पैसे असंच ती मुलं वाचतात. ‘दोन्ही चूक’वाल्यांना माझ्याजवळ बसवलं. बाकीचे उदाहरणसंग्रह सोडवत होते.

तुमच्याकडे दीडशे मुलं असतील तर फॉर्मच घ्या, फक्त गुणांची ओळ न पाहता थेट शीट उघडायची सवय लावा. एका तुकडीपुरतं असेल तर मी तरी चिठ्ठ्याच घेईन. सकाळी हजेरी घेताना वहीत चार ढिगांचे चार रबरबँड असतात, नावं पुन्हा लिहावी लागत नाहीत.