भापा दोई: मोदकपात्रात की ओव्हनमध्ये?

चक्का आणि कंडेन्स्ड मिल्क एकत्र करून होणारं बंगाली भापा दोई आता आपल्याकडेही बऱ्याच घरी होतं. मूळ कृती वाफेवरची. ओटीजी घरी आल्यापासून तेच मिश्रण गरम पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवून भाजायचीही पद्धत पडली आहे. मी दोन्ही करतो. चवीत फारसा फरक नाही, पोतात मात्र आहे. वाफेवरचं दोई कोवळ्या खरवसासारखं थरथरतं, ओव्हनमधलं जरा दाट लागतं.

मिश्रण दोन्हींना एकच: 400 ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, 400 ग्रॅम चक्का, अर्धी वाटी सायीचं दूध. दही ताजं हवं. आंबट दह्याला पाणी लवकर सुटतं आणि ते गोडव्याखाली लपतही नाही. फडक्यात बांधून तीन-चार तास फ्रीजमध्ये टांगलं की पुरे. श्रीखंडासाठी रात्रभर टांगतो तितका कोरडा चक्का झाला तर दोई पिठूळ होतं, मग दूध थोडं वाढवावं लागतं. मिक्सर नको, त्याने हवा भरते आणि वर फोड येतात. पुरणाच्या चाळणीतून चक्का काढून घ्यायचा आणि हाताने हलकेच एकजीव करायचा.

आता वाफ. मोदकपात्रात मंद आचेवर छोट्या वाट्या साधारण पंधरा-वीस मिनिटांत होतात, आणि वाफ ओली असल्यामुळे वर कातडं धरत नाही. झाकणाचं पाणी ठिबकून खड्डे पडतात, पण ढोकळ्याला बांधतो तसं झाकणाला फडकं बांधलं आणि वाट्यांवर फॉइल लावली की तो प्रश्न मिटतो. ओव्हन नसेल, किंवा तीन-चारच वाट्या करायच्या असतील, तर मीसुद्धा वाफेवरच करेन.

माझं मन फिरलं ते दुसऱ्या दिवशीच्या पाण्यामुळे. फ्रीजमधून वाटी काढावी तर कडेने पिवळसर पाण्याचं कडं उभं राहिलेलं. चक्का नीट टांगलेला असूनही. दह्यातली प्रथिनं तापली की त्यांची जाळी घट्ट होते आणि जास्त तापली की आवळून आतलं पाणी बाहेर ढकलते. वाफ जवळपास शंभर अंशांची आणि उष्णता पटकन देणारी, त्यामुळे मधलं दोई धरेपर्यंत कडेचं आवळून गेलेलं असतं. आच अगदी बारीक ठेवली तर हे टळतं, नाही असं नाही. पण 'झालं' आणि 'जास्त झालं' यांत दोन-तीन मिनिटांचंच अंतर राहतं आणि तेवढा वेळ गॅसपाशी उभं राहावं लागतं. पाहुणे बाहेर बसलेले असताना ते जमेलच असं नाही.

ओव्हनमध्ये ते अंतर बरंच मोठं मिळतं. ओव्हन 150 अंशांवर असला तरी ट्रेमधल्या उघड्या पाण्याची सतत वाफ होत राहते, म्हणून ते सहसा उकळीपर्यंत पोचत नाही आणि वाट्यांची कड सौम्यच तापते. ओव्हनची खोड वेगळी. ओटीजीचा वरचा रॉड चालू राहिला तर वरचा थर सुकून रबरासारखा होतो, चमच्याने ओढला की अख्खा निघतो. उपाय सोपा आहे: फक्त खालचा रॉड लावायचा आणि प्रत्येक वाटी फॉइलने घट्ट झाकायची.

सहा वाट्यांसाठी मी गरम पाणी वाट्यांच्या निम्म्या उंचीपर्यंत ओततो आणि पंचविसाव्या मिनिटाला एक फॉइल उचलून वाटी हलवून बघतो. कड धरलेली आणि मधला रुपयाएवढा भाग अजून डुलत असेल तर ओव्हन बंद. सुरी खुपसून बघण्याच्या भानगडीत मी पडत नाही. ती कोरडी बाहेर येते तोवर उशीर झालेला असतो. दार किंचित उघडं ठेवून अर्धा तास तिथेच निवू द्यायचं, उरलेला भाग आतल्या उष्णतेवर धरतो. मग फॉइलसकट चार-पाच तास फ्रीजमध्ये.

याला वेळ दुप्पट लागतो आणि वीज जळते ती वेगळी. गरम पाण्याचा ट्रे बाहेर काढणं हेही जोखमीचं काम, मी आधी वाट्या उचलून घेतो आणि पाणी गार झाल्यावर ट्रे काढतो. पण आदल्या दिवशी करून ठेवायचं असेल, तर हल्ली माझा हात ओव्हनकडेच जातो. मात्र एकाच मोठ्या भांड्यात लावू नका. दोन्ही पद्धतींत चमचा घालून मधून वाढलं की त्या खड्ड्यात थोड्या वेळाने पाणी साचतंच, आणि त्यावर माझ्याकडे तरी इलाज नाही.