कॉग्निटिव्ह रेमेडिएशन: ५ महिने, ४० सत्रे आणि मशीनमध्ये राहिलेले ओले कपडे

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. औषधांनी त्याला ऐकू येणारे आवाज बरेच कमी झाले, पण लक्ष टिकत नाही आणि सांगितलेले मनात राहत नाही, ही तक्रार तशीच उरली. म्हणून आम्ही कॉग्निटिव्ह रेमेडिएशन, म्हणजे संगणकावरचा सराव आणि युक्त्या यांतून लक्ष व स्मरणशक्ती सुधारण्याचा उपचार, सुरू केले. आठवड्यातून दोनदा, एकेक तासाची अशी एकूण ४० सत्रे ठरली होती. आठव्या आठवड्यात मी ते बंद करायला निघाले होते.

त्या सकाळी कपड्यांची मशीन उघडली तर आदल्या दिवशी त्यानेच लावलेले कपडे आत आंबून गेले होते. त्या आठवड्यातली ही तिसरी खेप होती. आणि त्याच दिवशी केंद्रातून मिळालेल्या आलेखात त्याचे गुण सरळ वर चढत होते! बारा शब्दांच्या यादीतले अकरा शब्द आता त्याला आठवत होते. मी त्याला विचारले, ‘‘बारापैकी अकरा शब्द लक्षात राहतात, मग कपडे का राहत नाहीत?’’ तो म्हणाला, ‘‘ताई, तिथे पडदा मला विचारतो. इथे कोण विचारणार?’’

त्याच्या या उत्तरामुळे मी सत्रात बसू देण्याची परवानगी मागितली आणि दोष कुठे आहे ते दिसले. आम्हाला सांगितलेली रचना अशी होती: पहिली पाच मिनिटे घरच्या कामाचा आढावा, मग सुमारे चाळीस मिनिटे संगणकावरचा सराव आणि शेवटची पंधरा मिनिटे त्या दिवशी वापरलेली युक्ती घरात कुठे लावायची याची चर्चा. प्रत्यक्षात वेळ पुरत नाही म्हणून शेवटची पंधरा मिनिटे रोज गाळली जात होती. थेरपिस्ट दुसऱ्या खोलीत असत आणि भाऊ एकटाच पडद्यासमोर बसलेला असे. सराव स्वतः चांगला होता. ऐंशी टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर येतील इतपतच काठिण्य ठेवले जाई, त्यामुळे तो खचत नव्हता आणि कंटाळतही नव्हता. परंतु ‘‘हे शब्द कसे लक्षात ठेवलेत?’’ असे विचारल्यावर तो ‘‘राहिले’’ एवढेच म्हणाला. त्याने शब्दांचे गट पाडले होते, पण आपण गट पाडले हे त्याला सांगता येत नव्हते. ज्या युक्तीला नाव देता येत नाही, ती दुसऱ्या कामात मुद्दाम वापरणार तरी कशी?

मी भांडले. त्या पंधरा मिनिटांसाठी भांडले, आणि हा अनुभव लिहितानाही माझा सगळा भर त्यांच्यावरच आहे.

सतराव्या सत्रापासून नव्या थेरपिस्ट शेजारी बसू लागल्या. त्यांनी कपड्यांचेच काम घेतले आणि ते नेमके कोणत्या टप्प्यावर तुटते ते त्याच्याकडून वदवून घेतले. कपडे घालणे, पावडर टाकणे, कळ दाबणे हे सारे त्याला येत होते. कळ दाबून तो खोलीत जाई, मशीनची शिटी तिथे ऐकू येत नसे आणि काम अर्धवट आहे याची आठवण करून देणारे काहीच उरत नसे. म्हणजे कृती विसरली जात नव्हती, योग्य वेळी आठवण होत नव्हती. उपाय ठरला तो असा: कळ दाबताच तिथेच उभे राहून ‘‘मशीन लावली, आता गजर लावतो’’ असे मोठ्याने म्हणायचे आणि फोनवर गजर लावायचा. पुढच्या आठवड्यात तेच वाक्य पुटपुटायचे, नंतर मनातल्या मनात म्हणायचे.

गजर ही कुबडी आहे, स्मरणशक्ती कुठे सुधारली, असे मला तेव्हा वाटले. ते मत मी आता बदलले आहे. कपडे वेळेवर वाळत पडू लागल्यावर साधारण महिन्याभराने माझ्यासाठी आलेला निरोप त्याने कागदावर तीन ओळींत लिहून ठेवला: कोणाचा, कशाबद्दल, कधीपर्यंत. हे त्याला कोणी शिकवले नव्हते. विचारल्यावर म्हणाला, ‘‘शब्दांचे गट करतो ना, तसेच केले.’’

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १३० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातही परिणाम लहान ते मध्यमच दिसला होता. प्रशिक्षित थेरपिस्टचा सक्रिय सहभाग, युक्त्यांची पद्धतशीर शिकवण आणि इतर पुनर्वसनाची जोड असेल तिथे तो अधिक होता. आमचा अनुभव याला धरूनच आहे. उरलेले आवाज यामुळे कमी झाले नाहीत आणि कामाचा पूर्वीचा वेगही परतला नाही. एक गोष्ट मात्र आधीच विचारायला हवी होती. हातांच्या थरथरीसाठी त्याला चालू असलेली ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी स्मरणशक्ती मंदावू शकते. बाविसाव्या सत्राच्या सुमारास डॉक्टरांनी ती हळूहळू कमी केली, त्यामुळे नंतरच्या सुधारणेतला किती वाटा सत्रांचा हे मला वेगळे काढता येत नाही. अशी गोळी स्वतःहून बंद करू नये, डॉक्टरांशी बोलावे.

सत्रे संपून सहा आठवडे झाले. या काळात कपडे मशीनमध्ये एकदाच राहिले, तेही फोन चार्जिंगला लावून तो दुसऱ्या खोलीत गेला होता म्हणून. आता मशीन लावली की तो फोन खिशात ठेवतो.