टाकीच्या पातळीचा आलेख आणि त्यातील खोटी शून्ये : सात महिन्यांच्या वापरानंतर

कोल्हापुरात कळंबा रस्त्यावरील आमच्या आठ सदनिकांच्या इमारतीसाठी जानेवारीत पाण्याच्या टाकीची पातळी दाखवणारे यंत्र घेतले. किंमत ३२०० रुपये. सेन्सर, बॅटरी, मोबाइलवरील सूचना यांबद्दल इतरांनी पुरेसे लिहिले आहे आणि त्याबाबत माझी तक्रार नाही. सेन्सर दर दहा मिनिटांनी नोंद पाठवतो, आणि पट्टीने मोजून पाहिले तेव्हा फरक एका सेंटीमीटरच्या आतच निघाला. माझे भांडण ॲपमधील रेषालेखाशी आहे. नोंद आलीच नाही, तर त्या जागी काय काढायचे, हा प्रश्न कंपनीने दोनदा सोडवला आणि दोन्ही वेळा चुकवला.

पहिले चार महिने न आलेल्या नोंदीच्या जागी ॲप शून्य काढत असे. वायफाय क्षणभर तुटले की रेषा ९० सेंटीमीटरवरून तळाला जाई आणि पुढच्या नोंदीला पुन्हा ९० वर येई. दिसायला हा करवतीचा दात, पण आमच्याकडे वापराचा मासिक हिशेब याच आकड्यांवरून होतो. टाकी दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद आहे, म्हणजे एक सेंटीमीटरला ४० लिटर पाणी. ॲप पातळीतील प्रत्येक घट वापर म्हणून मोजते. त्यामुळे एका खोट्या शून्याने ३६०० लिटर पाणी कागदावर वाहून जाते. दहा मिनिटांत ३६०० लिटर, म्हणजे मिनिटाला ३६० लिटर, आमच्या नळांतून जाणे शक्यच नाही. खोटे शून्य ओळखण्याची ही सोपी खूण आहे. टाकी खरोखर रिकामी होते तेव्हा ९, ६, ३ अशी उतरत शून्यावर येते. खोटे शून्य वरून थेट कोसळते.

मी ग्राहक सेवेला फोन केला. तिकडचा मुलगा नम्रपणे म्हणाला, “काका, झीरो म्हणजे डेटा आला नाही, असं समजायचं.” मग टाकी खरोखर कोरडी पडली तर काय समजायचे, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पंचगंगेची पातळी फूट-इंचांत पाहून दिवस काढणाऱ्या या शहरात ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. एखाद्या वेळची नोंद मिळाली नाही म्हणून त्या रकान्यात ० फूट लिहिले, तर इथे कोणी ते खपवून घेईल का? टाकीचे पाणी नदीएवढे महत्त्वाचे नसेल, पण शून्याचा अर्थ दोन्हीकडे एकच आहे : मोजले आणि काहीही नव्हते.

मे महिन्यात ॲपची नवी आवृत्ती आली आणि दात नाहीसे झाले. रेषा इतकी गुळगुळीत दिसू लागली की मी कंपनीला चार तारे देऊन टाकले. ते आता मागे घेत आहे.

जूनमधील एका रात्री ११.५० ला पातळी ३४ सेंटीमीटर होती आणि तेवढ्यात वीज गेली. त्यानंतरची नोंद सकाळी ६.३० ची, ८२ सेंटीमीटर. मधल्या सहा तास चाळीस मिनिटांत ॲपने ३४ पासून ८२ पर्यंत सरळ रेषा ओढली, जणू टाकी रात्रभर सावकाश भरत होती. वरच्या मजल्यावरील काकूंनी मला जिन्यातच गाठले : “अहो, तुमचा आलेख काही का म्हणेना, साडेपाचला आमच्या नळाला थेंब नव्हता.” त्यांचे बरोबर होते. ३४ सेंटीमीटर म्हणजे १३६० लिटर. रात्रीचा थोडा आणि पहाटेचा बराच वापर मिळून ते साडेपाचपर्यंत संपले. वीज ५.४० ला आली आणि स्वयंचलित मोटर सुरू झाली. ती मिनिटाला साधारण ७२ लिटर चढवते, म्हणजे पन्नास मिनिटांत ३६०० लिटर, ९० सेंटीमीटर. त्यातले आठ सेंटीमीटर लोकांनी तेवढ्यात वापरले आणि वायफाय जागे झाले तेव्हा ८२ उरले. मोटरला वीजच नव्हती त्या तासांत पातळी वाढताना दाखवणारी रेषा खोटी आहे, हे ओळखायला दुसरा पुरावा लागत नाही.

इथे मला माझे मत बदलावे लागले. तोवर मी समजत होतो की शून्य वाईट आणि जोडरेषा निरुपद्रवी. परंतु आमच्या नोंदी वाटेल तेव्हा हरवत नाहीत. वीज गेली की वायफाय बंद पडते आणि मोटरही, म्हणजे टाकी फक्त उपसली जाते नेमक्या त्याच वेळी आपण आंधळे असतो. दोन टोके उजेडातील आणि मधला सगळा भाग अंधारातील, अशा वेळी टोकांवरून मधले ठरवले तर चूक कायम एकाच बाजूला झुकते : टाकी आहे त्यापेक्षा भरलेली दिसते. शिवाय नव्या आवृत्तीने सगळीच शून्ये हरवलेली नोंद मानून गाळली. मे महिन्यात एकदा वीज असतानाही टाकी खरोखर कोरडी पडली होती. त्या शून्यांवरूनही आता सरळ रेषा गेलेली आहे.

कंपनीच्या सशुल्क योजनेत आलेखाचे पर्याय मिळतात म्हणे. वर्षाला ६०० रुपये देण्यापेक्षा मी नोंदींची फाइल फुकट उतरवून एक्सेलमध्ये आलेख काढतो. तिथे `Select Data` मधील `Hidden and Empty Cells` मध्ये `Gaps`, `Zero` आणि `Connect data points with line` असे तीन पर्याय आहेत. मी `Gaps` निवडले, तरी मोकळी जागा दिसेना, कारण कंपनीच्या फाइलमध्ये हरवलेल्या वेळेची ओळच नसते. ११.५० च्या खाली थेट ६.३०. जी ओळ नाही तिची पोकळी कोणतेही सॉफ्टवेअर दाखवू शकत नाही. म्हणून आधी दर दहा मिनिटांच्या वेळांची पूर्ण यादी `A` स्तंभात स्वतः तयार करावी लागते आणि मग `Log` या पानावर ठेवलेल्या कंपनीच्या नोंदी तिच्यासमोर आणाव्या लागतात :

```
=IFERROR(VLOOKUP(A2,Log!A:B,2,FALSE),NA())
```

प्रथम मी `NA()` च्या जागी `""` लिहिले होते आणि खोटी शून्ये परत आली, कारण एक्सेलच्या लेखी तो रिकामा रकाना नसून मजकूर असतो आणि रेषालेखात मजकूर शून्यावर उतरतो. `NA()` वापरल्यावर `Show #N/A as empty cell` या चौकटीत खूण असावी लागते. ही चौकट नसलेल्या जुन्या आवृत्त्या टोके जोडून टाकतात. वेळा जुळल्या नाहीत तर दोन्हीकडच्या वेळा तारीख, तास आणि मिनिट एवढ्याच मजकुरात बदलून घ्याव्यात, कारण सेकंदाचा सूक्ष्म फरकही जोडी मोडतो.

जोडरेषा मी पूर्ण टाकलेली नाही. आमची टाकी मोटरने पन्नास मिनिटांत भरते, म्हणून त्याच्या निम्म्याहून कमी, अर्थात वीस मिनिटांपर्यंतची पोकळी मी तुटक रेषेने जोडतो; एवढ्या वेळात मोटरची अख्खी फेरी लपत नाही. त्याहून मोठी पोकळी तशीच राहते, आणि तुटक रेषेवरील आकडे मी हिशेबात धरत नाही. जूनच्या पत्रकात त्या रात्रीचा वापर मी लिहिलेला नाही. तिथे “११.५० ते ६.३०, नोंद नाही, वीज नव्हती, टाकी ५.३० ला रिकामी” एवढेच आहे, आणि काकूंनी त्याखाली सही केली आहे.

यंत्राला चार तारे, ॲपच्या आलेखाला एक.